वास हरवलेली तर्री

तापातून उठल्यावर माया निनावे पहिल्यांदा गॅसपाशी गेली ती कांदे भाजायलाच. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या भाड्याच्या घरामागे पत्र्याची पडवी होती. ठेल्याचा सगळा स्वयंपाक तिथेच व्हायचा. तिने गॅसवर लोखंडी जाळी ठेवली, सालासकट कांदे मांडले आणि पाटावर बसून राहिली. साल काळी पडली, फुटली, आतला रस फसफसून जाळीवर आला. धूर वर गेला. डोळ्यांत पाणी आलं. नाकात मात्र काहीच आलं नाही.

तिने चिमट्याने कांदा उचलून नाकापाशी नेला. मग धण्याचा डबा उघडला. मग लवंग चावली, तर जीभ चुरचुरली आणि बधीर झाली, बस तेवढंच. मग देवघरात जाऊन उदबत्ती लावली आणि धुरातच तोंड घातलं. ठसका आला. वास आला नाही.

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली.

"काय झालं वं?" म्हणत मारोती पडवीत आला. रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमधून रिटायर झालेला माणूस, गालात तंबाखू, हातात टॉवेल.

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काही नाही. कांदे सोलू लागा."

तेव्हापासून तिच्या मनात भीती बसली ती बसलीच.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगायला हवं की मायाचा ठेला चौबे कॉलनीच्या एका कोपऱ्यावर सकाळी उभा राहायचा, आणि त्यावर एकच गोष्ट मिळायची. पोहे, आणि त्यावर तर्री. तर्री म्हणजे उसळीवरचा पातळ, तांबडा, झणझणीत रस्सा. नागपूरकडे त्यात बहुतेक चना घालतात. माया मोड आलेली मटकी घालायची, कारण तिची सासू घालायची. रायपूरला मराठी माणसं पुष्कळ. कोणाचे आजे रेल्वेत आलेले, कोणाचे सरकारी कचेरीत. घरात पोट्टे हिंदीत बोलतात, पण रविवारी सकाळी त्यांच्या बापांना तर्री लागते. लोक म्हणायचे, मायाताईच्या ठेल्याचा पत्ता विचारावा लागत नाही, नाक धरून चालत राहा.

आणि त्या वासाची मालकीणच आता वासाला मुकली होती.

ती एकटीच डॉक्टरकडे गेली. मंदिरात जाते म्हणून घरातून निघाली, आणि खोटं नको म्हणून आधी खरंच महामायेला जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, अशा तापानंतर होतं कधीकधी. येईल परत, किंवा नाही येणार. वाट पाहा. त्याने गोळ्या लिहून दिल्या आणि घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

सांगावं कोणाला? मारोतीला सांगून उपयोग नव्हता. तंबाखूने त्याची जीभ केव्हाच मेली होती. त्याच्या पुढ्यात उकडलेला भोपळा ठेवला तरी "फस्क्लास" म्हणणारा माणूस. मुलाला, पियुषला, सांगायचं तर ठेला त्याच दिवशी बंद. पियुष तेलीबांधा तलावाकडे नव्या फ्लॅटमध्ये राहत होता, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसत होता, आणि आईने रस्त्यावर उभं राहून प्लेटा धुवाव्या हे त्याला कधीपासून पटत नव्हतं. त्याला कारणच हवं होतं. जिला वास येत नाही तिने गॅसपाशी जाऊ नये, हे कारण तर कोणाच्याही तोंडून चांगलंच वाटलं असतं. मायाला स्वतःलाही वाटत होतं. म्हणून तर ती कोणाला सांगत नव्हती. ठेला गेला तर मग सकाळी उठून करायचं काय? फ्लॅटच्या गॅलरीत बसून तलावाकडे बघायचं?

तिने स्वतःची समजूत घातली. महालक्ष्म्यांचा नैवेद्य करताना चाखायचं नाही आणि वासही घ्यायचा नाही, असं सासूने शिकवलं होतं. वास घेतला तर अर्धं जेवणच झालं म्हणायची. सोळा भाज्या, कढी, पुरण, सगळं डोळ्यांनी आणि कानांनी करायचं. फोडणी तडतडायची थांबली की मसाला घालायचा, मसाल्याचा आवाज ओला असतो तोवर हलवायचा, कोरडा झाला आणि कडेने तेल सुटलं की पाणी. मग तर्री का नाही होणार तशी?

तर्री झालीही तशी. कांद्याची साल पूर्ण काळी आणि आत बोट दाबलं तर लोण्यासारखा मऊ, एवढं हाताला कळत होतं. खोबऱ्याचे काप कढईत मंद आचेवर बदामी झाले की उतरवायचे, एवढं डोळ्याला कळत होतं. आधी खोबरं कोरडं वाटायचं, मग त्यात कांदा, मग आलं-लसूण. वाटण तेलात टाकून तळाशी लागू न देता परतत राहायचं. तिखट घालताना आच कमी, आणि वरून लगेच पाण्याचा हबका, नाही तर तिखट जळतं. शेवटी पाणी उकळतंच ओतायचं. गार ओतलं तर तेल दबून बसतं, वर लाल थर येत नाही आणि लोक म्हणतात आज तर्री नाही, आमटी आहे.

पण देव कधी प्लेट अर्धी टाकून उठत नाही. माणसं उठतात.

पहिल्यांदा श्रीपादराव देवपुजारींनी टोकलं. बँकेतून रिटायर झालेले, ठेल्यावरचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, आणि सगळ्यात तोंडाळ. एक घास घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की चष्मा पोह्यात पडला.

"मायाताई," ते डोळे पुसत म्हणाले, "पेन्शन वाचावी म्हणून आम्ही लवकर मरावं, ही सरकारची इच्छा आहे हे माहीत होतं. तुमची पण आहे काय?"

"तिखट झाली का, काका?"

"तिखट नाही वं. तिखट असती तर खाल्ली असती. नुसता जाळ करून राहिल्या तुम्ही. पयले कांद्याची गोडी लागे, मग खोबरं, मग मागून घशात मिरची चढे. आता मिरचीच दार उघडते अन् मिरचीच दार लावते."

माया कसंनुसं हसली. तिला कळलं काय होत होतं ते. तिच्या जिभेला सगळं फिकं लागे. वासाशिवाय चव अर्धीच, म्हणून ती चाखायची आणि अजून एक चमचा झणझणीत भिवापुरी तिखट टाकायची, मग अजून एक. करून ठेवलेली तर्री तर अधिकच तिखट होत जाते, आणि तिखट सारं वरच्या तेलात असतं. दुसऱ्या दिवसापासून तिने चाखूनही जिभेचं ऐकायचं नाही असं ठरवलं. रंगाची मिरची जास्त, भिवापुरी मोजकी, मापाचा चमचा डब्यातच ठेवून दिला. तिखट तेवढं घशाला कळत होतं. मीठ, आंबटही कळत होतं. जेवढं कळतं तेवढं तरी जपायचं.

ठसके थांबले. आणि तरीही प्लेटा अर्ध्या परत येऊ लागल्या.

हे जास्त भयंकर होतं. कोणी काही बोलत नव्हतं. रोजचा ऑटोवाला दोन घास खाऊन "दीदी, आज भूख नहीं है" म्हणाला. एक बाई पोरीच्या प्लेटीतली तर्री निथळून पोहे तेवढे भरवत होती. माया ठेल्याच्या मागे उभी राहून एकेकाचा पहिला घास बघायची. भुवई हलते का, जीभ थांबते का. घरी आल्यावर उरलेली तर्री वाटीत घेऊन बसायची. तिखट बरोबर. मीठ बरोबर. मग काय? गिळल्यावर घशाच्या मागे काहीतरी किंचित खरखरत होतं, पण तिला वाटे, तापाचंच राहिलं असेल. एखाद्या बंद खोलीत कोणीतरी बसलंय आणि आपल्याकडे बघतंय, आणि दिवा लागत नाही, असं तिला होई. कोणाच्या पोटात दुखलं तर? एखाद्या लेकराला बाधलं तर? रात्री नामस्मरणाला बसायची आणि मधेच ओळ विसरायची.

अशात श्रीपादराव घरी आले. हातात नारळ आणि सुपारी.

"आमच्या मोनालीचं लग्न. नवरदेवाकडचे सारे नागपूरचे. हळदीच्या सकाळी त्यांना पोहे-तर्री पाहिजेच. चाळीसेक माणसं धरा."

मारोती खूष झाला. "हव, हव. करून देईल ते."

मायाने नारळ पदरात घेतला. नाही म्हणायचं तिने ठरवलं होतं, पण सुपारीचा नारळ परत करायची रीत नव्हती.

श्रीपादराव दारात चप्पल घालताना थांबले. आवाज उतरवून म्हणाले, "मायाताई, वाईट नका मानू. पण पयले होती तशी करा. आताची नको. नागपूरचे लोक आहेत, तोंडावर बोलतात. मी घरी सगळ्यांना सांगून बसलो, मायाताईच करतील म्हणून. ही जर बिघडली ना, तर मग मी कोणाला म्हणू, त्या ठेल्यावर जा?"

त्यांनी धमकी दिली नव्हती. खरं तेच सांगितलं होतं. नारळ तिने देवघरात कलशाशेजारी ठेवला आणि हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी सून आली. यामिनी बिलासपूरची, घरात हिंदीच. पियुष टूरवर गेला होता, म्हणून ती मदतीला मुक्कामाला आली. पोरगी वाईट नव्हती. पण माया तिच्याशी जपून बोलायची, कारण इथलं सारं पियुषच्या कानावर जाणार हे तिला माहीत होतं.

पहाटे माया एकटी उठली. आंघोळ केली, देवाला हात जोडले, पडवीत आली. एका बर्नरवर मोठ्या पातेल्यात मटकी शिजायला ठेवली, हळद-मीठ घालून. दुसऱ्यावर कांदे भाजले, मग खोबऱ्याचे काप. खोबरं डब्यातलंच, पावसाळ्याआधी भरून ठेवलेलं. सारं सारं डोळ्यात तेल घालून केलं. काप बदामी झाले, तसा तो बर्नर बंद केला. कांदे सोलून घेतले. मिक्सरमध्ये खोबरं घातलं, मग कांदा, आणि घरघर सुरू झाली. एक भांडं, दुसरं, तिसरं. मसाला गंधासारखा बारीक हवा, नाही तर रश्श्यात चोथा खाली बसतो.

मिक्सर थांबवला तेव्हा कानात अजून घरघर होती. तिने वळून पाहिलं. मटकीचा फेस उतू जाऊन बर्नरवर सांडला होता. पिवळं पाणी शेगडीभर. ज्योत विझली होती.

"घ्या," ती स्वतःशीच म्हणाली. फडक्याने शेगडी पुसली, पातेलं नीट बसवलं, लायटर उचलला.

तिच्या मनगटावर कोणाचा तरी हात इतक्या जोरात पडला की लायटर फरशीवर गेला.

यामिनी होती. केस मोकळे, चेहरा पांढरा.  एका हाताने तिने बर्नरचं बटण बंद केलं, खाली वाकून सिलिंडर बंद केला, आणि मायाला दंडाला धरून ओढतच अंगणात काढलं.

"बत्ती को हाथ मत लगाना," ती म्हणाली. "मिक्सर को भी नहीं. किसी चीज को नहीं." मग पडवीचं मागचं दार, पुढचं दार, दोन्ही खिडक्या तिने सताड उघडल्या आणि मारोतीला उठवून बाहेर आणलं.

तिघं अंगणात उभी राहिली. मारोती लुंगी सावरत विचारत होता, "काहून? काय झालं बे?" 

 माया तुळशीच्या कट्ट्यावर बसली. आत कोपऱ्यात काहीतरी अदृश्य पसरलेलं होतं, पायाशी, फरशीवर, तिच्या साडीच्या घोळात. ती त्यातच उभी होती. आणि तिला वाटत होतं, सगळं व्यवस्थित आहे.

"मम्मी," यामिनी खाली बसली. "पूरा घर महक रहा था गैस से. मैं सोते से उठ गई. आप वहीं खड़ी थीं." तिने मायाचे हात धरले. "आपको आया नहीं?"

 माया म्हणाली, "नाही येत. तापापासून नाही येत, बेटा. कशाचाच नाही येत."

मारोतीने टॉवेल खांद्यावरून काढून पुन्हा खांद्यावर टाकला. "अन् मले नाही सांगितलं," तो म्हणाला. रागावला नव्हता. भेदरला होता.

"तुमाले सांगून काय केलं असतं तुमी?"

"काही नाही," तो म्हणाला. "पण इथं बसलो तर असतो."

बराच वेळ वारा लागू दिला. गल्ली जागी होऊ लागली होती. कोणाच्या तरी घरी दूध आलं, सायकलची घंटी वाजली. यामिनी आत-बाहेर करत वास घेत होती. शेवटी म्हणाली, "अब नहीं है." आणि मग, मायाला अपेक्षा नव्हती, ती विचारती झाली, "ऑर्डर का क्या करें? काका को फोन कर दूँ?"

हाच तो क्षण होता, मायाला वाटलं. फोन केला की सगळं संपलं. भीतीही संपली. किती सोपं. तिने पडवीच्या दारातून आत पाहिलं. परातीत वाटण तयार पडलं होतं, लालसर बदामी, मऊ. दिसायला काहीच खोट नव्हती.

"एक काम कर," ती म्हणाली. "त्या वाटणाचा वास घेऊन पाय बरं. खरं सांगजो. चांगलं लागावं म्हणून नको सांगू."

यामिनी परातीवर वाकली. "प्याज का है. भुना हुआ. मीठा-मीठा."

"अजून?"

"लहसुन." ती पुन्हा वाकली, आणि तिच्या नाकाला आठी पडली. "और मम्मी, कुछ… बालों के तेल जैसा. वो पुरानी बोतल होती है न, जिसका ढक्कन चिपक जाता है. वैसा."

 माया उठून पडवीत गेली, खोबऱ्याचा डबा काढला, वाटीचा एक तुकडा यामिनीच्या हातात दिला. "हा?"

"यही. बहुत है इसमें." तिने तुकडा लांब धरला.

खवट. पावसाळ्यात खोबऱ्याला दमट हवा लागली होती. दरवर्षी पाऊस सरला की माया एकेक वाटी नाकाशी धरायची, कडकन मोडून बघायची आणि खवट ती तेल काढायला वेगळी टाकायची. यंदा नाकाशी धरून काय करायचं म्हणून तिने डबा तसाच वापरायला घेतला होता. तिने तुकडा उजेडात धरला. आतून पिवळट पडला होता, बोटांना चिकट लागत होता. मोडायला गेली तर मोडला नाही, वाकला. डोळ्यांना दिसत होतं हे, हाताला कळत होतं. नाकाचं दुःख करता करता तिने डोळ्यांनाही विचारलं नव्हतं. आणि घशामागची ती खरखर. एवढे दिवस लोकांच्या पोटात हेच जात होतं.

"देवा," ती म्हणाली, एवढंच. आणि परात उचलून सगळं वाटण बादलीत लोटलं.

"अवं, अवं," मारोती म्हणाला. "आता काय घालशील? दुकानं उघडाले वेळ आहे."

कांदे होते, पोतंभर. खोबरं नव्हतं. माया देवघरापुढे जाऊन उभी राहिली. कलशावरचा नारळ. शेजारी सुपारीचा. मारोतीने शनिवारी मारुतीला दाखवून आणलेला तिसरा. देवाचा नारळ कांदा-लसणात घालायचा? सासू असती तर बोलली असती. मायाने डोळे मिटले. नैवेद्यासाठी नव्हे, माणसांसाठी मागते, ती मनात म्हणाली, रागावू नको. कलशाचा तिने ठेवला, तो हलवायचा धीर झाला नाही. बाकीचे दोन उचलले.

"दीदीकडे एक असेल," मारोती शेजारच्या घराकडे बोट दाखवत म्हणाला, आणि सांगायच्या आत गेलाही. दोन घेऊन आला. चारही नारळ फोडून किसले.

ओलं खोबरं म्हणजे वेगळाच कारभार. ते पाणी सोडतं, लवकर भाजत नाही, आणि भाजलं तरी सुक्यासारखं तेल सुटत नाही. माया कढईशी बसली, पण आता गॅस यामिनीने पेटवला होता आणि यामिनी शेजारी उभी होती.

"काय येते सांगत राय."

"कच्चा. कच्चे नारियल का."

माया हलवत राहिली. किसाचा पांढरा रंग गेला, मग पिवळसर झाला. हाताला कीस ओला, जड लागत होता, मग हलका झाला, कढईत खुळखुळू लागला.

"अब… अब मीठा. जैसे लड्डू बनते हैं घर में."

"अजून नाही. भाजल्या शेंगदाण्यासारखा आला की सांग."

तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, वास शब्दात सांगता येतो याचं. आजवर कधी सांगावा लागला नव्हता. यामिनी डोळे मिटून उभी होती, शाळेत उत्तर आठवणाऱ्या पोरीसारखी.

"आ गया. मूँगफली. हाँ, वही. मम्मी, उतारो, उतारो, किनारे पे जलने लगा."

मायाने उतरवलं. कडेचा कीस खरंच करपायला लागला होता. तिच्या डोळ्याला तो अजून दिसला नव्हता.

ओलं खोबरं गोड, म्हणून मिरचीचं मापही बदलणार होतं. नेहमीएवढी भिवापुरी घातली तर मिळमिळीत, आणि भीतीपोटी जास्त घातली तर पुन्हा श्रीपादरावांचा चष्मा पोह्यात. तेल कमी सुटणार म्हणून तिने फोडणीतच तेल वाढवलं, नव्याने भाजलेला कांदा थोडा जास्त घेतला. वाटण परतता परतता यामिनी सांगत होती, लसूण कच्चा आहे, अजून कच्चा, आता गेला. कडेने तेल सुटलं. आच कमी केली. तिखट घातलं, लगेच पाण्याचा हबका. यामिनीला सणसणीत शिंक आली. मारोती अंगणातून म्हणाला, "झालं. तयार आहे."

उकळतं पाणी ओतलं. तोवर शिजलेली मटकी घातली. चिंचेचा कोळ, चिमूटभर गूळ. उकळी बसली आणि हळूहळू वर तांबडा थर आला, आधी तेलाचे डोळे डोळे, मग एकसंध.

मायाने पळी तळापासून फिरवली, वरचं तेल आणि खालचा रस्सा दोन्ही येईल अशी, आणि चाखलं. मीठ. आंबट. जिभेवर बराच वेळ काहीच नाही. मग गिळल्यावर घशात एक ऊब चढली, कानापर्यंत गेली आणि उतरली. उतरली हे महत्त्वाचं. जाळ राहिला नाही. खरखर तर अजिबातच नव्हती.

"आता तू."

यामिनीने चाखलं आणि पहिल्यांदाच हसली. "मम्मी, ये तो पहले वाली से अच्छी है."

"पहिलेची तुले काय माहीत? तू तर कधी दोन घासांच्या वर खाल्ली नाही."

"इसीलिए तो."

तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला वेळ नव्हता.

हॉलमध्ये हळदीची गडबड चालली होती. मागच्या बाजूला टेबल लावलं होतं, मारोती पोहे वाढत होता, यामिनी वरून तर्री. माया वाढायला उभी राहिली नाही. ती खांबाआड उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.  नागपूरची माणसं प्लेटा घेऊन गेली, खुर्च्यांवर बसली. पहिला घास. ती सगळ्यांचे चेहरे एकदम बघू पाहत होती आणि कोणाचाच दिसत नव्हता.

नवरदेवाचा काका, जाडसर, मिशीवाला, प्लेट घेऊन उठला. टेबलाकडे आला. 

"हे कोणी केलं?" त्याने मारोतीला विचारलं.

मारोतीने, त्या देवमाणसाने, सरळ खांबाकडे बोट दाखवलं.

काका तिच्याकडे वळला. "बाई, ही तर्री आमच्याकडची नाही. आमच्याकडे इतकी गोडी नसते."

"ओला नारळ आहे," माया म्हणाली.  "सुकं खोबरं खराब निघालं."

"असं काय?" त्याने वाटी पुढे केली. "पोहे नको. नुसती ही द्या. अन् तळापासून ढवळून द्या, नाही तर पोरी वरचं वरचं वाढतात."

यामिनीने तळापासून ढवळून वाढलं. श्रीपादराव लांबून हे बघत होते. जवळ आले, दोन पळ्या पोह्यावर ओतून घेतल्या, उभ्यानेच खाल्ल्या. ठसका लागला नाही. "पयलेसारखी नाही," ते म्हणाले, "पण चालवून घेऊ. लग्न आटोपलं की ठेल्यावर येतो." आणि गेले.

भांडी घासायला घरी आणली तेव्हा पियुषचा फोन आला. यामिनी फोन घेऊन अंगणात गेली. माया मोरीपाशी बसली होती, हातात राख, पातेलं अर्धं घासलेलं. नळ तिने बंद केला. सकाळच्या गॅसपेक्षा तिला या फोनची जास्त भीती वाटत होती.

यामिनी खोटं बोलली नाही. सगळं सांगितलं. वास, लायटर, सगळं. पलीकडून पियुषचा आवाज मोठा झाला तो मोरीपर्यंत ऐकू आला, शब्द नाही, नुसता सूर. यामिनी ऐकत होती. मग म्हणाली, "नहीं. मैं थी न वहाँ. तुम नहीं थे." पुन्हा आवाज. "वो मैं भी कह रही हूँ, अकेली नहीं जलाएँगी. पर ठेला बंद करने की बात मत करो अभी. शनिवार-इतवार मैं आ जाऊँगी. बाकी दिन पापाजी देखेंगे." पुन्हा आवाज, बराच वेळ. "तो तुम आ के चख लो पहले. फिर लड़ना."

मारोती ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. त्याने मळलेली चिमूट हातावरच बघितली, आणि गालात न टाकता पुन्हा पुडीत ठेवून नाकाने एकदा खोल श्वास घेतला. "सोमवार ते शुक्रवार," तो कोणाला तरी, बहुधा देवाला, म्हणाला.

पुढच्या शनिवारी पहाटे यामिनी आली. मायाने मटकी धुऊन ठेवली होती, कांदे निवडले होते, नव्या खोबऱ्याच्या वाट्या उजेडात धरून मोडून ठेवल्या होत्या. गॅसला मात्र हात लावला नव्हता. ती पडवीच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

यामिनी आत गेली. सिलिंडरपाशी वाकली, शेगडीपाशी वाकली, कोपऱ्यात, फरशीजवळ. बाहेरून मायाला फक्त तिची पाठ दिसत होती. भीती गेली नव्हती. ती जाईल असं मायाला वाटतही नव्हतं. बर्नर पेटल्याचा फक् असा आवाज झाला आणि तिचे खांदे उडाले.

"आ जाओ मम्मी," यामिनी आतून म्हणाली. "कुछ नहीं है."

माया उंबरा ओलांडून आत गेली आणि तिने जाळीवर पहिला कांदा ठेवला.